हळदीच्या फोटोंवर काय लिहायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, 'हळद लागली, आनंदाची उधळण झाली' या ओळीला तुम्ही लेखात नावं ठेवलीत. पण सगळ्यांना लिहिता येत नाही. आणि घरातलीच गंमत लिहिली तर बाहेरच्याला काय कळणार? फोटो बघून लोक पुढे जातात. दोन ओळी आणि हॅशटॅग पुरे."

दोन ओळी पुरेत, हे शंभर टक्के मान्य. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण स्क्रोल करणाऱ्याला पहिली एक-दोन ओळच दिसते, बाकीचं टॅप केल्याशिवाय उघडत नाही. आणि त्या मोक्याच्या जागी आपण काय ठेवतो? सहा पिवळी फुलं आणि 'आनंदाची उधळण'. फोटोत सगळे नखशिखांत पिवळे आहेत, उधळण दिसतेच आहे. जे फोटोत दिसत नाही ते लिहायचं, एवढंच माझं म्हणणं होतं.

घरातली गंमत बाहेर कळत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यात मी स्वतः आपटले आहे. भाचीची हळद घणसोलीला घरीच होती, नवरा ठाण्याचा. आधी नवऱ्याला हळद लागली आणि उरलेली उष्टी हळद स्टीलच्या डब्यात घालून धाकटा दीर आणि दोन सवाष्णी निघाल्या. रस्त्याला गाड्यांची रांग, म्हणून ठाणे-वाशी लोकल पकडली. दिघा, ऐरोली, रबाळे, मग घणसोली, एवढाच प्रवास. पण दारातल्या गर्दीत डबा छातीशी कवटाळला आणि झाकण निघालं सैल. दीर आमच्या दारात आला तो पांढऱ्या शर्टावर पोटापर्यंत पिवळा ओघळ घेऊन. डब्यात जेमतेम दोन वाट्या उरली होती. आजीने त्यातच आंब्याचं पान बुडवलं आणि भाचीच्या गालाला लावलं.

रात्री मी कॅप्शन लिहिलं: "डबा प्रकरण आयुष्यभर लक्षात राहील!" घरचे पोट धरून हसले. भाचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने खाली विचारलं, कसला डबा? म्हणजे ओळ फसली. फक्त साक्षीदारालाच कळणारी ओळ ही अशी ओळखता येते: ती घटनेकडे बोट दाखवते, घटना सांगत नाही.

मग बदलून हे केलं: "नवरीच्या आधी हळद धाकट्या दिराला लागली. दोष डब्याच्या झाकणाचा आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीचा."

यात एकही नाव नाही. 'दीर' म्हटलं की नातं कळतं, लोकल म्हटलं की गर्दी कळते. फोटोंचा क्रमही हलवला. आधी पहिला फोटो नवरीचा ठरलेल्या पोझमधला होता आणि शर्ट नवव्या नंबरवर, तिथवर कोण जातंय! शर्टाचा फोटो दुसरा घेतला, आजीचं पान तिसरं. टाकण्याआधी दिराला विचारलं, कारण हसं त्याचं होणार होतं. त्यानेच पुढची ओळ दिली. घरी गेल्यावर आईने शर्टाला साबण लावला तर डाग लालभडक झाला. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, चुना घालून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. त्याने लिहून पाठवलं: "आईने साबण लावला, डाग लाल झाला. हळदीपाठोपाठ कुंकूही उरकलं." ही ओळ मला जन्मात सुचली नसती.

म्हणून 'लिहिता येत नाही' हे मला पटत नाही. लिहावं लागतच नाही, विचारावं लागतं. ज्याच्या घरचं कार्य त्याला विचारा: पहिलं पान कुणी लावलं, काय सांडलं, कोण उशिरा आलं? जे उत्तर देताना माणूस हसतो, तेच जवळजवळ जसंच्या तसं टाकायचं. मेंदीला तर एकच प्रश्न पुरतो: दोन्ही हात भरलेले असताना घास कुणी भरवला? (मेंदीचे फोटो मात्र घाईने टाकू नका. खरवडल्यावर रंग केशरी दिसतो, गडद व्हायला एक-दोन दिवस जातात.)

आणि काही घडलंच नसेल, तर ओढूनताणून गंमत आणू नका. "घणसोली, आजीचा हात, आंब्याचं पान" एवढंही चालतं. हॅशटॅग खुशाल टाका, पण तळाशी. आणि आपल्याकडे ती 'हळद' असते हो, 'हल्दी सेरेमनी' नव्हे. हे जरा जुन्या वळणाचं वाटेल, वाटू दे.

तुमच्याकडच्या हळदीचा एखादा फोटो असेल तर त्या दिवशी काय सांडलं ते इथे खाली लिहा. ओळ आपण दोघं मिळून काढू.