उत्सवाचं शूटिंग, जुने फोटो आणि दोन ओळींचा अर्ज

"देऊळ सगळ्यांचं, उत्सव सगळ्यांचा. शूटिंगला परवानगी कसली? जुने फोटो तर साठ वर्षांनी कुणाचेच राहत नाहीत, खाली 'साभार' टाका. आणि पत्र द्यायचंच असेल तर दोन ओळींचा विनंती अर्ज बास." देवस्थानाच्या उत्सवाचा माहितीपट करायला निघालं की हा सल्ला हमखास मिळतो.

रस्त्यापुरतं हे बरोबर आहे, ते आधीच मान्य करून टाकतो. जेजुरीचं उदाहरण घेऊ. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरते आणि कऱ्हेवर स्नानाला जाते. वाटेवर मोबाईल वर करून उभी असलेली माणसं कुणाला विचारत नाहीत आणि त्यांना विचारायची गरजही नाही. पोलीस सरका म्हणाले की सरकायचं, इतकंच. पण गडाच्या आतली गोष्ट वेगळी. तिथे जागेचे नियम देवस्थान करतं. दर्शनाला सगळ्यांना वाट आहे म्हणून सदरेवर तिवई रोवायचा हक्क मिळत नाही, आणि गाभाऱ्यात कॅमेरा नको म्हटलं तर नको. ड्रोनचं मात्र उलटं आहे: ट्रस्टनं हो म्हटलं तरी ते पुरत नाही. ड्रोनचे नियम आणि पोलिसांची परवानगी या वेगळ्या वाटा आहेत, त्या देवस्थानाला द्यायच्या पत्रात मिसळू नका.

या सगळ्यात एक माणूस विसरला जातो. गडावर वाघ्या-मुरळी जागरणाची गाणी म्हणतात. तुम्ही दोन मिनिटं उभे राहून ऐकलंत तर प्रश्न नाही. पण ते पूर्ण गाणं नीट माईक लावून रेकॉर्ड केलंत आणि माहितीपटात वापरलंत, तर कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःचा हक्क आहे, कलम 38 आणि 38अ. तो देवस्थान तुम्हाला देऊ शकत नाही, कारण तो देवस्थानाकडे नाहीच. कागद त्या वाघ्याशी करायचा, त्याला बिदागी द्यायची आणि नाव विचारून लिहून घ्यायचं. पालखीपुढच्या बँडनं सिनेमातलं गाणं वाजवलं तर त्याला खऱ्या धार्मिक समारंभाची सवलत कायद्यानंच दिली आहे. ती सवलत समारंभाला आहे, तुमच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओला नाही. व्हिडिओवर नंतर हक्काचा दावा आला की लोक देवस्थानाकडे तक्रार घेऊन जातात. तिथे त्याचं उत्तर नसतं.

आता फोटो. साठ वर्षांचा हिशेब एकेकाळी खरा होता, म्हणून तर तो अजून तोंडातोंडी फिरतो. पूर्वी फोटोचा कॉपीराइट तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालायचा. म्हणजे गणना कॅमेऱ्याच्या क्लिकपासून नव्हतीच, छापल्यापासून होती. 2012 मध्ये कायदा बदलला आणि फोटोसाठीचं ते वेगळं कलमच निघून गेलं. आता पुस्तकासारखाच नियम: फोटो काढणाऱ्याची हयात आणि त्यानंतर साठ वर्षं. 1951 पर्यंत प्रसिद्ध झालेले फोटो तोवर मोकळे झाले होते, ते मोकळेच राहिले. पण समजा 1958 च्या दसऱ्याला एका स्टुडिओवाल्यानं पालखीचा फोटो काढला आणि तो 1985 ला वारला, तर त्या फोटोवरचा हक्क 2045 च्या अखेरपर्यंत टिकतो.

हक्क कुणाचा, हा त्याहून अवघड प्रश्न. अल्बम देवस्थानाच्या कपाटात आहे म्हणून फोटोचा हक्क देवस्थानाचा होत नाही. देवस्थानानं पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक देवस्थान. तो फोटोग्राफर स्वतःहून आला असेल आणि नंतर एक प्रत भेट देऊन गेला असेल, तर कागद देवस्थानाचा, हक्क त्याचा. हे ओळखायचं कसं? फोटो उलटा करा. जुन्या छापील फोटोंच्या पाठीवर बऱ्याचदा स्टुडिओचा जांभळा रबरी शिक्का असतो, किंवा पुठ्ठ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात शाई नसलेला उठावाचा शिक्का, जो खिडकीच्या तिरप्या उजेडातच दिसतो. पावतीवह्यांत त्या वर्षीच्या उत्सवखर्चात 'फोटोग्राफर' अशी ओळ सापडली तर प्रश्न निम्मा सुटला. देवस्थानाचा जुना कारकून भेटला तर आणखी बरं. त्याला पावतीचं पान आठवत नाही, पण फोटो काढायला कोण यायचं हे नेमकं आठवतं.

म्हणून नुसतं 'साभार' म्हणजे काहीच नाही. आभार मानणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. शिवाय 'साभार देवस्थान' लिहून फोटोग्राफरचं नाव गाळलंत, तर आपलं नाव लागावं हा त्याचा हक्क (कलम 57) तसाच दुखावतो. दोन्ही नावं हवीत: छायाचित्र अमुक स्टुडिओ, संग्रह अमुक देवस्थान.

दोन ओळींच्या अर्जाचा अनुभव माझ्या पदरी आहे. एका गावच्या देवस्थानाला मी असाच अर्ज दिला होता. व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "या की, त्यात काय!" उत्सवाच्या पहाटे एका विश्वस्तानं दारातच अडवलं. बैठकीत विषय आलाच नव्हता. ते चुकले नव्हते. ट्रस्टच्या वतीनं असा शब्द विश्वस्त मंडळानं द्यायचा असतो, आणि तो ठरावात दिसतो. तेव्हापासून मी दीड-दोन महिने आधी पत्र देतो, ते अध्यक्ष आणि सचिवांच्या नावे लिहितो आणि शेवटी ठरावाची नक्कल मागतो. जेजुरीसाठी मधला मजकूर साधारण असा होईल:

"सोमवतीच्या दिवशी पालखी निघण्यापासून ती परत येईपर्यंत आम्ही तीन जण दोन कॅमेऱ्यांनी चित्रण करू. गाभाऱ्यात चित्रण करणार नाही, दिवे लावणार नाही, खांदेकऱ्यांच्या वाटेत उभे राहणार नाही. आपल्या संग्रहातील सोबतच्या यादीतील सहा छायाचित्रे या माहितीपटात व त्याच्या जाहिरातीत, इंटरनेटसह जगभर, दहा वर्षांसाठी वापरण्याची परवानगी मिळावी. प्रत्येक छायाचित्राखाली यादीत दिल्याप्रमाणे श्रेय देऊ. ज्या छायाचित्रांचा हक्क संस्थानाकडे नाही ती कृपया यादीत खुणावून द्यावीत. त्यांची परवानगी आम्ही स्वतंत्रपणे घेऊ."

यातले 'जगभर' आणि 'दहा वर्षांसाठी' हे शब्द कुणी आगाऊपणा समजून खोडायला सांगेल. खोडू नका. लेखी परवानगीत मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूबवर टाकलेली गोष्ट भारतातच थांबत नाही, आणि सहाव्या वर्षी तुमचा माहितीपट तिथेच असतो. पण कागदावरची मुदत संपलेली असते. सहा फोटोंची यादी जोडायची तीही याच कारणानं: "आपले जुने फोटो" म्हटलं की मंडळाला वाटतं सगळा अल्बम मागतोय, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

अल्बम घरी न्यायला मात्र कधीच मागू नका. स्कॅनर घेऊन कार्यालयात जा, टेबलाचा कोपरा मागा, 600 डीपीआयला पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करा आणि सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घालून तिथेच सचिवांच्या हातात द्या. भंडारा उडायला लागण्याआधीच्या आठवड्यात जा, म्हणजे काचेवर हळद बसणार नाही.