काकांच्या फियाटला डावा आरसाच नव्हता

द्वारका चौकात एका रिक्षाने माझ्या गाडीच्या डाव्या आरशाला खांदा मारला आणि मागे वळून न बघता ती पसार झाली. बाहेरचं खोकं फुटलं, काच मात्र शाबूत. गॅरेजवाला म्हणाला, "खोकं बदलून देतो, पण काच काढताना तडकली तर आपली जबाबदारी नाही." मग कोणाची, रिक्षावाल्याची? मीच खोकं आणलं आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो.

तळमजल्यावरचे काका मफलर बांधून, चहाचा कप घेऊन हजर.

"काच आहे ना? स्क्रू ड्रायव्हर घाल अन् दे हिसका. फियाटला असंच केलं होतं मी."

"काका, तुमच्या फियाटला डावा आरसा होता?"

काकांनी एक घोट घेतला. "नव्हता. पण असता तर असाच काढला असता."

आता यांना काय सांगायचं? काच प्लास्टिकच्या पाटीला चिकटवलेली असते आणि ती पाटी आत मोटरवर क्लिपांनी बसलेली असते. उचकटायची प्लास्टिकची पट्टी या पाटीच्या मागे गेली पाहिजे. काच आणि पाटी यांच्या मधे घुसवलीत, तर सगळा जोर काचेच्या काठावर येतो आणि तडा तिथूनच धावतो. त्यात नाशिकची थंडी. गारठलेलं प्लास्टिक लवत नाही, मोडतं. म्हणून आधी हेअर ड्रायर, एका जागी न धरता फिरवत, काच हाताला सोसेल इतकी गरम होईपर्यंत. मग काचेवर आडव्यातिडव्या चिकटपट्ट्या, म्हणजे फुटलीच तर तुकडे उडायचे नाहीत.

"एकाहत्तरच्या ब्लॅकआउटला देवळालीत आम्ही खिडक्यांना अशाच पट्ट्या मारल्या होत्या," काका म्हणाले आणि युद्ध सुरू झालं. भोंगे, कंदील, रॉकेलची रांग. मी गरम केलेली काच तेवढ्यात थंड झाली. पुन्हा ड्रायर.

काचेची गाडीकडची बाजू आत दाबली, तशी बाहेरची कड वर आली. प्लास्टिकची पट्टी पाटीमागे सरकवून क्लिपेजवळ हळूच उचलली. टक्. दुसरी, टक्. तिसरा कोपरा मात्र वर येऊन रबरासारखा परत गेला. म्हणजे क्लिप नव्हे, गोंद. गाडीच्या आधीच्या मालकाने तुटलेल्या क्लिपेच्या जागी सिलिकॉन भरलं होतं. ओढलं असतं तर काच गेलीच असती. पुन्हा ऊब दिली आणि दात साफ करायचा धागा मागे घालून करवतीसारखा ओढत गोंद कापला.

"मांजा आणू का?" काकांचा प्रश्न. काच लावलेला मांजा, मागच्या वायरींवर!

वायरी दोन, काच तापवणाऱ्या. वायर न ओढता टोकाची टोपी धरून काढल्या. काच अख्खी हातात आली. इतक्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिना उतरले आणि काका त्यांना म्हणाले, "आम्ही काढला. तुमचाही सैल झालाय ना? आणा गाडी इकडे, हा मोकळाच आहे."