डोळा उघडा दिसला म्हणजे लिंक पास नव्हे

"आय डायग्राममध्ये डोळा उघडा दिसला की लिंक पास. नमुना बिटच्या बरोबर मध्यावर घ्यायचा."

दोन्ही विधानं अर्धीच खरी आहेत. 5 गिगाबिट प्रति सेकंदाची लिंक घ्या; एक बिट 200 पिकोसेकंदांचा. सिग्नलचे बिट एकावर एक रचून काढलेलं चित्र म्हणजे आय डायग्राम, आणि कडांच्या मधली मोकळी जागा म्हणजे डोळा. स्कोपवर लाखभर कडा एकावर एक पडल्यावर, बिटच्या सुरुवातीपासून मोजलं तर, डावीकडचा धूसर पट्टा 40 पिकोसेकंदांवर संपतो आणि उजवीकडचा 180 वर सुरू होतो. डोळा 140 रुंद, पण त्याचा मध्य 110 वर आहे, 100 वर नाही. लांब केबलमध्ये आधीच्या बिटांची शेपटी पुढच्या बिटावर येते, काही कडा उशिरा पोचतात आणि डोळा उजवीकडे सरकतो. 100 वर नमुना घेतला तर डावीकडे 60 उरतात, उजवीकडे 80. चूक होईल ती डावीकडूनच.

आता रुंदीचं. यादृच्छिक जिटरला, म्हणजे कडांच्या वेळेतल्या अनियमित हलण्याला, टोक नसतं. जितका वेळ मोजाल तितका पट्टा पसरतो. हा जिटर 3 पिकोसेकंद आरएमएस असेल, तर लाखभर कडांत प्रत्येक बाजूला साधारण 13 दिसतो. हजार अब्ज बिटांत एक चूक, ही अट धरली की तोच सुमारे 21 होतो. म्हणजे दोन्हीकडून आठ-आठ कमी: 48 ते 172. मध्य 110 वरच राहतो, तिथे दोन्ही बाजूंना 62 मिळतात. 100 वर डावीकडे जेमतेम 52. नमुन्याच्या आधी आणि नंतर सिग्नल जितका वेळ स्थिर हवा, तो रिसीव्हरचा सेटअप-होल्ड वेळ यातूनच जायचा आहे. म्हणून अहवालात नुसतं चित्र जोडू नका, किती कडा मोजल्या तेही लिहा.