पावसाळी स्लाइड्स आणि टायरची आतली कड

पावसाळा तोंडावर आला की ‘टायर तपासा, ब्रेक तपासा’ अशा स्लाइड्स सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागतात. छत्री, थेंब, हसरी गाडी. पण तपासायचं म्हणजे नेमकं कुठे बघायचं आणि किती झालं की टायर बदलायचा, हे काही त्यात सापडत नाही. म्हणून सोसायटीच्या ग्रुपसाठी मीच चार स्लाइड्स केल्या. एका स्लाइडवर एकच तपासणी आणि शक्यतो एक आकडा. सोबत जोडल्यात. पहिलीवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली स्लाइड नक्षीच्या खोलीची. नव्या टायरची खोबण साधारण 8 मिमी खोल असते. खोबणीच्या तळाशी अधूनमधून आडव्या रबरी पट्ट्या दिसतील, त्यांची उंची 1.6 मिमी. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर नियमानेच बाद. माझं म्हणणं, पावसाळ्यात तिथपर्यंत थांबूच नये, 3 मिमीलाच टायर बदलावा. खोबणीचं काम चाकाखालचं पाणी बाजूला काढायचं. ती उथळ झाली की वेगात पाण्याला निघायला जागा मिळत नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं ते तेव्हाच. अशा वेळी करकचून ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा.

मोजायला गेज नसेल तर काडेपेटीतली काडी घ्या. खोबणीत तळाला टेकवा, रबराच्या पातळीवर नखाने खूण करा आणि पट्टीवर धरा. तळातली ती आडवी पट्टी टाळून मोजा. आणि हे बाहेरची कड, मध्य, आतली कड अशा तिन्ही ठिकाणी करा.

शेजारच्या काकांच्या हॅचबॅकचे पुढचे टायर बाहेरून छान दिसत होते, म्हणून ते मोजायलाच तयार नव्हते. बाहेरच्या खोबणीत 5 मिमी भरले, मधे 4. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू उघडी केली, तर तिथे जेमतेम 2. दोन्ही चाकांना तसंच. म्हणजे अलाइनमेंट बिघडलेली. खड्ड्यांतून गाडी चालवणाऱ्या कुणाचीही बिघडू शकते. अशा वेळी नुसते टायर बदलून उपयोग नाही. सस्पेंशनचे बुश ढिले नाहीत ना हे आधी बघून घ्यायचं आणि नवे टायर बसले की त्याच दिवशी अलाइनमेंट करायची, नाहीतर नव्यांचीही आतली कड तशीच जाते.

दोनच नवे टायर घ्यायचे तर ते कुठे लावायचे? टायरवाला बहुधा पुढे लावतो. ‘ओढतंय पुढचं चाक ना!’ खरं तर नवे मागे आणि बऱ्यापैकी नक्षी असलेले जुने पुढे लावावेत. पुढची पकड सुटली तर गाडी वळणावर सरळ जाते, वेग कमी केला की बरेचदा सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरते, आणि ती सावरणं आपल्यातल्या फार थोड्यांना जमतं. काकांच्या मागच्या टायरांची नक्षी सगळीकडे 4 मिमी होती. ते पुढे आणले, नवे मागे टाकले.

दुसरी स्लाइड हवेची. ‘पावसात हवा कमी ठेव, ग्रिप वाढते’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. कमी हवेचा टायर मधून आत दबतो आणि पाणी ढकलायला कमी पडतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा असतो, तोच धरा. गाडी चालवून टायर तापायच्या आत मोजा.

तिसरी ब्रेक पॅडची. चाकाच्या आऱ्यांतून डोकावलं की पॅड दिसतो, 3 मिमीच्या आसपास आला की बदला. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसेल, पहिल्या दोनचार ब्रेकला खरखरेल, त्यात काही नाही. खरखर थांबली नाही तर मात्र गॅरेज गाठा.

चौथी ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 चं ऑइल नवं असताना उकळायला किमान 230 अंश लागतात, ओल धरल्यावरची मर्यादा 155 पर्यंत खाली येते. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना धुक्यात सतत ब्रेकवर पाय राहिला की ऑइल तापतं. ते उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजसारखं खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पॅडल मऊ लागायला लागलं तर लगेच खालच्या गिअरमध्ये येऊन वेग उतरवा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या. बाटलीतलं पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.