पायाची न दुखणारी गाठ आणि काट्याचा गैरसमज

«पायाला गाठ आली, तिला तोंडं पडून पू यायला लागला, पण दुखत नसेल तर घाबरू नका. आत राहिलेला काटा बाहेर येतोय. हळद बांधा, पू तपासून आठ दिवस अँटिबायोटिक घ्या. तुकडा काढून तपासायला देऊ नका, रोग पसरतो. आणि मदुरा पाय निघालाच तर त्यावर औषध नाही, पाय कापावाच लागतो.»

हा मजकूर गेल्या भातलावणीपासून आमच्याकडे शेतकऱ्यांच्या अनेक गटांत फिरतो आहे. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि असा पाय घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ माणसाला दवाखान्यापासून वर्षभर लांब ठेवणारी आहे, म्हणून तिचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटले.

आधी दुखण्याबद्दल. मदुरा पाय म्हणतात त्या रोगाचे वैद्यकीय नाव मायसेटोमा. मातीतली बुरशी किंवा मातीतलेच काही तंतुमय जिवाणू काट्याबरोबर, तोडलेल्या उसाच्या बुडख्याने झालेल्या जखमेतून किंवा पाचटाच्या कापातून त्वचेखाली शिरतात आणि तिथे फार सावकाश वाढतात. ते मोकळे पसरत नाहीत; आपापसांत घट्ट चिकटून त्यांचे बारीक दाणे बनतात आणि शरीर त्या दाण्यांभोवती कठीण ऊती बांधत राहते. या संथपणामुळेच गाठ महिनोन्‌महिने दुखत नाही. याउलट काटा सलून पिकला तर दोन-चार दिवसांत पाय ठणकतो, लाल होतो, गरम लागतो आणि काटा निघाला की जखम भरून येते. म्हणजे दोन्हींतला फरक वेदनेतच आहे, फक्त तो मजकुरात सांगितला आहे त्याच्या बरोबर उलटा आहे. काटा लागल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, सुपारीएवढी टणक आणि न दुखणारी गाठ आली असेल, तर न दुखणे हेच काळजीचे कारण समजावे. मायसेटोमा दुखायला लागतो तो बहुधा त्यात वरून दुसरे जंतू शिरल्यावर किंवा रोग हाडापर्यंत पोहोचल्यावर.

आठ दिवसांच्या अँटिबायोटिकचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याने खरोखरच थोडे बरे वाटते. उघड्या तोंडातून त्वचेवरचे नेहमीचे जंतू आत जातात आणि पू वाढवतात. गोळ्यांनी ते मरतात, पू कमी होतो, एखादे तोंड बुजते. खालचे दाणे मात्र जागच्या जागी असतात. पंधरा दिवसांनी बुजलेल्या तोंडाच्या शेजारी दुसरे तोंड उघडते. रुग्ण म्हणतो, मागच्या वेळी गोळ्यांनी गुण आला होता, आणि पुन्हा त्याच गोळ्या आणतो.

पू तपासण्याचेही तसेच आहे. तोंडावरून कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत आला, तर आम्ही जे वाढवतो ते त्या वरच्या जंतूंचे असते. अहवालात एखाद्या सामान्य जिवाणूचे नाव आणि त्याला लागू पडणाऱ्या औषधांची यादी येते, ती पाहून सगळ्यांचे समाधान होते आणि खरा रोग नजरेआड राहतो.

भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वय चाळिशीच्या आत. चिखलणीत अनवाणी असताना उजव्या तळपायाच्या आतल्या बाजूला काटा मोडला होता, तो त्याच दिवशी निघालाही. सात-आठ महिन्यांनी तिथे गाठ जाणवू लागली. पहिले तोंड पडायला दीड वर्ष गेले. त्यानंतर दोनदा चिरा देऊन पू काढला गेला, तीन वेळा अँटिबायोटिक झाले, आणि पुढे कोणत्याही पुराव्याशिवाय हाडाचा क्षय समजून सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली. आमच्याकडे ते चौथ्या वर्षी आले. पाऊल वरून फुगलेले, कातडी काळवंडलेली, आणि बारीक उंचवट्यांवर सात तोंडे. मी विचारले, किती दुखते? ते म्हणाले, «दुखत न्हाई ओ मॅडम, नुसतं वलं ऱ्हातंय. चप्पल चिकटतीया.»

आम्ही पहिल्या दिवशी पू पुसून घेतलाच नाही. पाय धुऊन, निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाळीची पट्टी तोंडांवर ठेवली, वरून बांधली आणि ती न सोडता दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितले. सकाळी पट्टी उलगडून काचेच्या बशीत ठेवली आणि भिंगाखाली पाहिली, तर जाळीच्या धाग्यांत रव्याच्या कणांएवढे पिवळसर पांढरे दाणे अडकलेले होते. पुवाची गुठळी चिमट्याने दाबली की फिसकटते. हे दाणे तसे फिसकटत नव्हते. चार वर्षांच्या त्यांच्या सगळ्या कागदांत दाण्यांचा उल्लेख एकदाही नव्हता. त्यांच्या पत्नी मात्र लगेच म्हणाल्या की फडक्याला असे कण त्या वर्षभर बघत होत्या, ते त्यांना वाळलेला पू वाटत होता.

दाण्याचा रंग पुष्कळ सांगतो, सगळे सांगत नाही. काळे दाणे असतील तर तो रोग बुरशीचा. लाल असतील तर जिवाणूंचा. पांढरे किंवा पिवळसर दाणे दोन्ही प्रकारांत येतात, आणि त्यामुळे ते डोळ्यांनी पाहून औषध ठरवता येत नाही. दाणा काचपट्टीवर चेचून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बुरशीचे तंतू जाड, पडदे असलेले, साधारण दोन ते पाच मायक्रॉन रुंदीचे दिसतात. जिवाणूंचे तंतू एक मायक्रॉनहूनही बारीक आणि फांद्या फुटलेले असतात. या शेतकऱ्याच्या दाण्यात बारीक तंतू होते. चार वर्षे ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते, ते पट्टी उलगडल्यापासून दोन तासांत मिळाले.

आता तुकड्याची भीती. ती कुठून आली असावी हे मी समजू शकते. गावागावात कोणीतरी एक असतो, ज्याची गाठ छोट्या शस्त्रक्रियेत वरवर खरवडून काढली आणि सहा महिन्यांत ती दुपटीने आली. ते खरे आहे, पण ती बायोप्सी नव्हती. निदान न करता, औषध सुरू न करता अर्धवट काढलेली ती गाठ होती. मागे राहिलेल्या दाण्यांपासून रोग पुन्हा वाढला. तपासणीसाठी खोलातून घेतलेल्या लहानशा तुकड्याने असे होत नाही. रोग आपल्याच गतीने स्नायूंत आणि हाडांत शिरतो, क्वचित जांघेतल्या गाठींपर्यंत जातो, आणि तुकडा घेतला नाही म्हणून तो थांबत नाही. उलट पट्टीवर दाणे मिळाले नाहीत किंवा तोंडच पडलेले नसले, तर निदानाचा भरवशाचा मार्ग तोच.

तुकडा देताना एक चूक मात्र वारंवार होते. सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकतात, जंतू मरतात; मग सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दिसतो, पण त्यातला जंतू वाढवून त्याचे नेमके नाव काढता येत नाही. तुकड्याचे दोन भाग करावेत, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा, आणि चिठ्ठीवर मायसेटोमाची शंका आहे असे स्पष्ट लिहावे. न लिहिल्यास त्या तुकड्यातले जंतू वाढवायला ठेवलेली तबकडी आम्ही नेहमीप्रमाणे दोन दिवसांत टाकून देतो, आणि हे जंतू वाढायला काही आठवडे घेतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी दोन बाटल्या का नाहीत, असे विचारले तर कोणत्याही डॉक्टरांना राग येऊ नये.

राहिला पाय कापण्याचा मुद्दा. मदुराईत 1842 साली या रोगाची नोंद झाली, म्हणून मदुरा हे नाव. मायसेटोमा हे नाव मुंबईत काम करणाऱ्या डॉ. व्हॅनडाइक कार्टर यांनी 1860 मध्ये दिले. त्या काळी पाय कापण्याखेरीज फारसे काही हाती नव्हते, आणि मजकूर लिहिणारा अजून तिथेच उभा आहे. जिवाणूंचा मायसेटोमा औषधांनी बरा होतो आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतही नाही. आमच्या शेतकऱ्याला को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या रोज आणि अमिकासिनची इंजेक्शने तीन आठवडे, मग इंजेक्शनांना दोन आठवडे विश्रांती, असे पाच आठवड्यांचे फेरे दिले गेले. अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकते, म्हणून प्रत्येक विश्रांतीत रक्तातले क्रिएटिनिन आणि ऐकण्याची क्षमता तपासली. हे घरी किंवा औषधाच्या दुकानातून करण्याचे काम नाही.

बुरशीचा प्रकार अवघड आहे, हे मी लपवणार नाही. त्याला इट्राकोनाझोल दिवसातून दोनदा, वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावे लागते, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि बहुधा गाठ शस्त्रक्रियेने काढावीही लागते. औषध काही महिने दिले की गाठीभोवतीचे आवरण घट्ट होते आणि ती अखंड काढणे सोपे जाते, म्हणून औषध आधी आणि शस्त्रक्रिया नंतर हा क्रम महत्त्वाचा. गाठ सुपारीएवढी असताना, तोंड पडण्याआधी, ती अशी पूर्ण निघू शकते. हाडे पोखरल्यावर तीच बुरशी औषधांना दाद देत नाही, आणि तेव्हा पाय कापण्याची वेळ येते. म्हणजे मजकुरातले शेवटचे वाक्य खरे ठरते ते त्याच्या आधीची वाक्ये पाळणाऱ्यांच्या बाबतीत.

पेरणी-लावणीच्या चिखलात बूट घालून काम होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि तसा उपदेश मी करणार नाही. पण भांगलणीला, पाचट ओढताना, खोडव्यात फिरताना पाय झाकता येतो. पायावर महिन्याभरात न गेलेली टणक गाठ असेल, तर कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावी आणि जाण्याआधी नवे अँटिबायोटिक सुरू करू नये, कारण त्याने जंतू वाढवून पाहणे कठीण होते. फडक्यावर कण दिसले तर ते फडके स्वच्छ डबीत घालून सोबत न्यावे.

त्या शेतकऱ्याची तोंडे तिसऱ्या फेऱ्यात कोरडी पडली. गोळ्या त्यापुढे बरेच महिने चालू राहिल्या. पहिल्या एक्स-रेमध्ये तळपायाची दोन लांब हाडे वाळवीने खाल्ल्यासारखी दिसत होती. शेवटच्या एक्स-रेमध्ये पोखरण थांबली आहे, पण मधली दोन बोटे आता वाकत नाहीत आणि बांधावरून चालताना ते टाच आधी टेकवतात.