सीए नाही झेपलं तर सीएमए, सीएस?

"सीए नाही झेपलं तर सीएमए नाहीतर सीएस करून टाका, दोन्ही सोपे आणि स्वस्त, पण पुढे स्कोप फक्त सीएलाच."

असा सल्ला सर्रास मिळतो. सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंट आणि सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी. आधी सोपेपणाचं बघू. नव्या स्कीममध्ये सीएला इंटरचे 6 आणि फायनलचे 6 पेपर, सीएमएला 8 अन् 8, सीएसला 7 अन् 7. पासिंगची अट तिन्हीकडे तीच, प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपला, म्हणजे पेपरांच्या गटाला, एकूण 50 टक्के. म्हणजे सीएच्या तीन पेपरांच्या एका ग्रुपला 48, 47, 52 पडले तर एकही विषय उडालेला नसताना 147 वर तुम्ही नापास, कारण 150 लागतात, आणि हे सीएमएलाही होतं, फक्त तिथे चार पेपर ओढायचे असतात. शिवाय सीए इंटर आता वर्षातून तीनदा देता येते, सीएमए-सीएसची परीक्षा जून आणि डिसेंबरलाच, एक अटेम्प्ट गेला की सहा महिने गेले. सीएचे पेपर जास्त खोल जातात हे मान्य, पण म्हणून बाकीचे सोपे होत नाहीत.

स्वस्त म्हणाल तर उलटंच आहे. सीए इंटरची दोन्ही ग्रुपची फी साधारण 18 हजार, सीएमए इंटरची 23 हजारांच्या आसपास. खरा खर्च क्लासचा, पुण्यातल्या रूमचा आणि हुकलेल्या अटेम्प्टचा, तो कुठल्याच इन्स्टिट्यूटच्या फीमध्ये दिसत नाही.

आता स्कोप, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा एक खासगी साखर कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड, टर्नओव्हर 300 कोटी, पेड-अप कॅपिटल, म्हणजे भागधारकांनी भरलेलं भांडवल, 12 कोटी. त्याचं स्टॅट्युटरी ऑडिट आणि टॅक्स ऑडिट सीएच करणार. साखर रेग्युलेटेड सेक्टरमध्ये येते, टर्नओव्हर 50 कोटींच्या पुढे आणि एकट्या साखरेचा 25 कोटींच्या पुढे, म्हणून कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशोबाची तपासणी, लागतंच आणि त्यावर सही कॉस्ट अकाउंटंटचीच, सीएची चालत नाही. पेड-अप 10 कोटींच्या वर असल्याने फुल टाइम सीएस ठेवणंही बंधनकारक. एकाच कारखान्यात तिघांची कामं, कोणी कोणाचं करू शकत नाही. (शेजारचा सहकारी कारखाना मात्र कंपनीच नाही, त्याला कंपनी कायद्यातले हे नियम लागत नाहीत.)

फरक आहे तो जागेचा. तालुक्याच्या गावात टॅक्स ऑडिट लागणारे व्यापारी असतात, तिथे सीएचं ऑफिस चालतं, सीएसच्या नोकऱ्या मात्र लिस्टेड आणि मोठ्या कंपन्या असतात तिथे, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः मुंबई-पुण्यात, आणि सीएमएला कारखाने लागतात. गाव सोडायचं नसेल तर सीएस निवडताना दहादा विचार करा, आणि फॅक्टरीतल्या कॉस्टशीटमध्ये मजा येत असेल तर पहिल्यापासूनच सीएमए घ्या की, सीएला नापास व्हायची वाट कशाला बघायची.