डॉक्टर शोधतोय की डॉक्टरांना शोधतोय?

“मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही, म्हणून आपण इंग्रजीत अडतो. तीन नियम पाठ करा, विषय संपला. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी अक्षरानं शब्द सुरू झाला की ‘ॲन’. ‘अ’ म्हणजे ‘एक’ आणि ‘द’ म्हणजे ‘तो’. पहिल्या उल्लेखाला ‘अ’, दुसऱ्याला ‘द’.”

सदाशिव पेठेतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात हा मेसेज दर महिन्याला कुणीतरी दाखवतंच.

पहिला नियम लवकर निकालात निघतो. अक्षर बघायचं नसतं, उच्चार ऐकायचा असतो, आणि त्यासाठी देवनागरी आपल्याच बाजूला आहे. शब्द उच्चाराप्रमाणे मराठीत लिहा. ‘युनिव्हर्सिटी’ य-नं सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे’ व-नं, म्हणून ‘अ वन-वे स्ट्रीट’. ‘अवर’मधला एच उच्चारातच नाही, तेव्हा ‘ॲन अवर’. तसंच ‘ॲन एमबीए’. फक्त ‘येमबीए’ म्हणायची सवय असेल तर ती लिहिताना बाजूला ठेवा.

आता ‘एक’ आणि ‘तो’. “मी शिक्षिका आहे” यात ‘एक’ कुठेच नाही, पण इंग्रजीत “आय ॲम अ टीचर” म्हणावंच लागतं. “दार लाव” यात ‘ते’ नाही, पण “क्लोज द डोअर”. उलट “ते दार लाव” म्हटलं की आपण बोट दाखवतो, आणि तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा ‘दॅट’ येतं. शब्दाला शब्द लावणारा माणूस म्हणूनच “आय ॲम टीचर, क्लोज डोअर” असं बोलतो.

पण मेसेजचं पहिलंच वाक्य मला जास्त खटकतं. आर्टिकल नावाचा शब्द मराठीत नाही, हे खरं. आर्टिकल जो भेद दाखवतं तो मात्र आपण रोज करतो, फक्त वाक्यात दुसऱ्या जागी. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. तिनं तिथल्या केरळच्या नर्सला सांगितलं, “आय ॲम लुकिंग फॉर डॉक्टर.” नर्सनं विचारलं, कोणताही चालेल की तुमचेच हवेत? मराठीत ही वेळ आली नसती. “मी डॉक्टर शोधतेय” म्हणजे कुणीही चालेल, तिथे ‘अ डॉक्टर’. “मी डॉक्टरांना शोधतेय” म्हणजे वडिलांवर उपचार करणारे, तिथे ‘द डॉक्टर’. सगळा फरक त्या ‘ना’ प्रत्ययात आहे.

शब्दांचा क्रमही हेच काम करतो. “टेबलावर पुस्तक आहे” हे ऐकणाऱ्याला पुस्तकाची नवी खबर देतं: “देअर इज अ बुक ऑन द टेबल.” “पुस्तक टेबलावर आहे” हे, ज्याला पुस्तक ठाऊक आहे आणि जो ते शोधतोय, त्याला सांगतं: “द बुक इज ऑन द टेबल.” मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे नाम ऐकून समोरचा “कुठलं?” असं विचारेल का? त्याला ते ओळखता येत असेल तर ‘द’. येत नसेल आणि वस्तू एक, मोजता येणारी असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’.

पहिला-दुसरा उल्लेख हा नियम याच प्रश्नापुढे कोलमडतो. “काल स्वारगेटला रिक्षा केली. ड्रायव्हर मीटर टाकेना.” इंग्रजीत: “आय टुक ॲन ऑटो ॲट स्वारगेट. द ड्रायव्हर वुडंट यूज द मीटर.” ड्रायव्हर आणि मीटर दोघेही पहिल्यांदाच आले, तरी ‘द’. कारण रिक्षा म्हटली की ड्रायव्हर आणि मीटर आलेच. कुठला ड्रायव्हर, हे कुणी विचारत नाही. उलट बाजूनं, “माय सिस्टर इज अ डॉक्टर, माय ब्रदर इज अ डॉक्टर टू.” शब्द दुसऱ्यांदा आला, पण ओळखायची व्यक्ती नाही, नुसता पेशा सांगितला.

नामाआधी आर्टिकलच लागत नाही, ती रिकामी जागा तर मेसेजनं विचारातच घेतलेली नाही. “कांदे महागले” यात जगातले सगळे कांदे आहेत: “अनियन्स आर एक्स्पेन्सिव्ह.” “कांदे सडले” हे आई स्वयंपाकघरातून ओरडते तेव्हा “द अनियन्स”, परवा मंडईतून आणलेले. इथे मराठीत ना प्रत्यय बदलतो ना क्रम, प्रसंगच बघावा लागतो.

आणि विशेषनामांना हा “कुठलं?” लागूच पडत नाही. नदी म्हणून ‘द मुठा’, पण तिच्या काठच्या शहराला नुसतं ‘पुणे’, सिंहगडालाही काही नाही. एवढं मात्र पाठच करावं लागतं.